बीड मळसूत्री का तडकते आणि पोलाद सपाट का कापले जाते : पीळ-चाचणीच्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२५

शिरोलीच्या एका फाउंड्रीतून बिडाच्या ओतीव सळ्या आज प्रयोगशाळेत आल्या. बीड एफजी २०० या प्रतीचे आहे, म्हणजे ताणून तोडताना त्याने किमान २०० मेगापास्कल प्रतिबल सोसावे अशी अपेक्षा असते. तुलनेसाठी बाजारात सहज मिळणारी माइल्ड स्टीलची गोल सळई घेतली आहे. दोन्ही पदार्थांचे नमुने लेथवर एकाच मापाचे कातून घेतले असून मधल्या भागाचा व्यास १० मिमी आणि लांबी १०० मिमी ठेवली आहे. टोकांना जाड भाग आहे आणि मधल्या भागाशी तो मोठ्या गोलाईने जोडलेला आहे, कारण तेथे धारदार खाच राहिली तर नमुना खाचेपाशी तुटतो आणि पदार्थाऐवजी खाचेचीच चाचणी होते.

प्रत्येक नमुन्यावर अक्षाला समांतर अशी एक बारीक रेघ सुईने ओढली आहे. पिळाच्या चाचणीत ही रेघ फार उपयोगी पडते, कारण पदार्थ किती पिळला गेला आणि कोणत्या दिशेने, हे ती चाचणी संपल्यानंतरही सांगत राहते. आमच्या यंत्राचा फिरता चक त्याच्या मागून, स्थिर चकाकडे तोंड करून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि दुसरा चक स्थिर असतो. ही दिशा येथे मुद्दाम नोंदवली आहे, कारण पुढे तड्याची दिशा तिच्याशी ताडून पाहायची आहे.

१६ जानेवारी २०२५

आधी माइल्ड स्टील पिळले. सुमारे ३० न्यूटन-मीटरपर्यंत टॉर्क आणि पिळाचा कोन एकमेकांच्या प्रमाणात वाढत गेले, त्यानंतर आलेखाची रेषा वाकली आणि चक फिरत राहिला तरी टॉर्क सावकाशच वाढू लागला. अखेर ८८ न्यूटन-मीटरला नमुना तुटला, तेव्हा चकाचे साडेपाच फेरे झाले होते. सरळ ओढलेली रेघ आता नमुन्याभोवती वेटोळे घालून बसली आहे आणि अक्षाशी सुमारे ६० अंशांचा कोन करते. हिशेबानेही हाच कोन येतो: साडेपाच फेरे म्हणजे ३४.६ रेडियन, त्याला ५ मिमी त्रिज्येने गुणून १०० मिमी लांबीने भागले की १.७३ मिळतात, आणि ज्याची स्पर्शज्या १.७३ असते तो कोन ६० अंशांचा असतो.

तुटलेला पृष्ठभाग करवतीने कापल्यासारखा आडवा आणि सपाट आहे. भिंगाखाली पाहिल्यावर त्यावर एकमेकांना वेढणारे गोलाकार ओरखडे दिसतात. ते कडेला स्पष्ट आहेत आणि मध्याकडे विरत जातात, तर अगदी मध्यभागी एक बारीक खडबडीत ठिपका आहे. हा भाग सर्वांत शेवटी सुटला. पिळात अक्षावरचे प्रतिबल शून्य आणि पृष्ठभागावरचे सर्वाधिक असते, त्यामुळे तूट कडेकडून आत सरकते हे येथे डोळ्यांना दिसते.

२२ जानेवारी २०२५

बिडाचा पहिला नमुना ४७ न्यूटन-मीटरला मोठा आवाज करून तुटला. चक तोवर जेमतेम ११ अंश फिरला होता. तुकडे हातात घेतल्यावर फरक लगेच कळतो: तडा आडवा गेलेला नाही, तो पृष्ठभागावर ४५ अंशांच्या तिरकस रेषेने नमुन्याभोवती एक पूर्ण वळसा घेऊन गेला आहे. वळसा संपल्यावर तड्याची दोन टोके एकाच उभ्या रेषेवर, पण एकमेकांपासून ३१ मिमी अंतरावर आली आहेत, आणि त्यांना जोडणारी तूट जवळजवळ सरळ, अक्षाला समांतर आहे. हे अंतर आम्ही व्हर्नियरने मोजले. ४५ अंशांच्या वळशात आडवे अंतर आणि उभे अंतर सारखे असते, म्हणून एका वळशाची चढण नमुन्याच्या परिघाइतकी, म्हणजे १० मिमी व्यासाला ३१.४ मिमी असायला हवी, आणि ती तशीच आहे. खडूची कांडी दोन हातांच्या चिमटीत धरून न वाकवता पिळली तर नेमका हाच आकार मिळतो, उभ्या जोडरेषेसकट.

आता दिशा पाहू. आमच्या यंत्रावर पिळलेल्या पोलादाची रेघ डावखुऱ्या मळसूत्रासारखी वळली होती. बिडाचा तडा मात्र उजव्या मळसूत्राचा आहे, म्हणजे नेहमीच्या स्क्रूच्या आट्यांसारखा. तडा रेघेच्या उलट्या अंगाने वळतो, हा अपवाद नव्हे, नियमच आहे, आणि त्याचे कारण सांगितले की प्रकल्पाचा अर्धा प्रश्न सुटतो.

२४ जानेवारी २०२५

आज फळ्यावर केलेला विचार येथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

नमुन्याच्या पृष्ठभागावर एक लहान चौरस काढला आहे आणि त्याच्या दोन बाजू अक्षाला समांतर, दोन आडव्या आहेत असे समजू. नमुना पिळला की वरची आडवी बाजू खालच्या बाजूच्या तुलनेत सरकते आणि चौरसाचा तिरकस समभुज चौकोन होतो. चौरसाच्या बाजूंवर फक्त घसटणारे, म्हणजे कर्तन प्रतिबल असते. त्या बाजूंना लंब असे ओढणारे किंवा दाबणारे काहीच नसते. परंतु त्याच चौरसाचे कर्ण पाहिले तर एक कर्ण लांबलेला आणि दुसरा आखूड झालेला दिसतो. लांबलेल्या कर्णाच्या दिशेने पदार्थ ताणला जातो, आखूड झालेल्या कर्णाच्या दिशेने दाबला जातो, आणि शुद्ध पिळात हे ताण प्रतिबल, हे दाब प्रतिबल आणि ते कर्तन प्रतिबल, तिन्हींचे मूल्य एकच असते. गोल सळईच्या पृष्ठभागावर ते मूल्य असे मिळते:

```
τ = 16T / (π d³)
```

येथे T हा टॉर्क आणि d हा व्यास आहे. हे सूत्र प्रतिबल आणि विकृती प्रमाणात असेपर्यंतच बरोबर असते, ही मर्यादा पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

आता पदार्थापुढे दोन वाटा असतात. त्याच्या कणांचे थर एकमेकांवरून घसरू शकतात, आणि तसे झाले तर ती घसरण सर्वाधिक कर्तन प्रतिबलाच्या प्रतलात, म्हणजे आडव्या किंवा अक्षातून जाणाऱ्या उभ्या प्रतलात होईल. किंवा पदार्थ ताणाने उकलू शकतो, आणि तेव्हा तडा सर्वाधिक ताणाच्या दिशेला लंब पडेल. लांबणारा कर्ण अक्षाशी ४५ अंशांवर असल्यामुळे त्याला लंब असलेली रेषाही ४५ अंशांवरच, पण विरुद्ध अंगाला असते. सळईवर ती रेषा पुढे नेत गेलो की मळसूत्र तयार होते. ओढलेली रेघ लांबणाऱ्या कर्णाच्या बाजूला कलते आणि तडा त्या कर्णाला आडवा जातो, म्हणून दोघे विरुद्ध दिशांना वळतात.

दोन्ही प्रतिबले सारख्याच मूल्याची असल्याने पिळाची चाचणी पदार्थाला जणू एकच प्रश्न विचारते: तुझी कर्तन सोसण्याची मर्यादा आधी येते की ताण सोसण्याची? साध्या ताण-चाचणीत असे होत नाही, कारण तेथे कर्तन प्रतिबल ताणाच्या निम्मेच असते आणि तुटीचा आकार वाचताना हे प्रमाण ध्यानात ठेवावे लागते.

३१ जानेवारी २०२५

वरच्या युक्तिवादाला आकड्यांचा आधार हवा, म्हणून त्याच सळ्यांपासून ताणाचे आणि दाबाचे नमुनेही केले.

पोलाद ताण-चाचणीत २६२ मेगापास्कलला शरण गेले. पिळात ३० न्यूटन-मीटरला रेषा वाकली होती आणि वरच्या सूत्राने त्याचे कर्तन प्रतिबल १५३ मेगापास्कल येते. दोहोंचे गुणोत्तर ०.५८ आहे आणि तन्य धातूंसाठी फॉन मिझेसच्या निकषातून जे ०.५७७ मिळते त्याच्याशी ते जुळते. म्हणजे पिळात पोलादावरचे कर्तन प्रतिबल १५३ मेगापास्कल झाले की त्याचे थर घसरू लागतात. ताणाने चिरण्यासाठी त्याला यापेक्षा कितीतरी जास्त प्रतिबल लागते, आणि घसरण आधी सुरू झाल्याने ती वेळच येत नाही.

बिडाची ताण-मर्यादा २०५ मेगापास्कल मिळाली. दाबाखाली मात्र त्याच बिडाचा आखूड दंडगोल ७६० मेगापास्कलपर्यंत टिकला आणि आडव्या छेदाशी सुमारे ५५ अंशांच्या तिरक्या प्रतलावर घसरून फुटला. या प्रतलावर दाबामुळे घर्षणही मदतीला असते. त्या घर्षणाचा वाटा मोहर-कूलोम पद्धतीने वजा केला तरी निव्वळ कर्तन सोसण्याची मर्यादा २६० मेगापास्कलच्या आसपास उरते. २०५ ही मर्यादा २६० च्या आधी येते, म्हणून बीड पिळात ताणाने उकलते.

बिडाची ताण-मर्यादा इतकी खाली का, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. घासून चकचकीत केलेल्या, पण आम्ल न लावलेल्या नमुन्यावर ग्राफाइटचे काळे, वाकडे पापुद्रे सर्वत्र विखुरलेले असतात. ग्राफाइट इतके दुबळे असते की ताणाखाली प्रत्येक पापुद्रा आधीपासून असलेल्या भेगेसारखा उघडतो आणि त्याच्या टोकाशी प्रतिबल एकवटते. दाबाखाली तोच पापुद्रा मिटतो आणि भार पलीकडे पोचवतो. एकाच पदार्थाच्या दाब-मर्यादेत आणि ताण-मर्यादेत साडेतीन पटींहून अधिक तफावत असण्याचे मूळ येथे आहे.

४ फेब्रुवारी २०२५

एक गोष्ट जुळवायची राहिली होती. बीड जर ताणाने तुटत असेल आणि पिळातला ताण कर्तनाइतकाच असेल, तर तुटताना सूत्राने २०५ मेगापास्कल यायला हवे होते. ४७ न्यूटन-मीटरवरून मात्र २३९ मेगापास्कल मिळतात.

कारण सूत्राच्या मर्यादेत आहे. ते सूत्र प्रतिबल अक्षापासून पृष्ठभागापर्यंत सरळ रेषेत वाढते असे धरून चालते. बिडाचा आलेख मात्र सुरुवातीपासूनच किंचित वाकलेला असतो, कारण पापुद्रे एकेक करून उघडत जातात. म्हणून तुटण्याच्या वेळी पृष्ठभागाजवळचे प्रतिबल सरळ रेषेपेक्षा खाली राहते आणि आतला भाग अधिक भार उचलतो. समजा, संपूर्ण छेदावर प्रतिबल एकसारखे झाले असते, तर तोच ४७ न्यूटन-मीटर टॉर्क फक्त १८० मेगापास्कलने पेलला गेला असता. खरे मूल्य १८० आणि २३९ यांच्या दरम्यान असणार, आणि २०५ त्या दरम्यानच आहे. त्यामुळे पुस्तकी तक्त्यांत बिडाची पिळातील मर्यादा ताणातील मर्यादेपेक्षा जास्त छापलेली दिसली तरी बीड पिळात अधिक बळकट होते असा अर्थ काढू नये. त्या फरकाचा बराच भाग सूत्र वापरण्याच्या पद्धतीतून येतो.

१२ फेब्रुवारी २०२५

बिडाच्या आणखी एका नमुन्याची तूट वेगळी निघाली. तो ३७ न्यूटन-मीटरलाच तुटला आणि तड्याचा आडव्या छेदाशी कोन ४५ ऐवजी ३८ अंश भरला. ओतकामात दोष असेल असा पहिला अंदाज होता, परंतु तुटीवर पोकळी किंवा वाळूचा कण कुठेही दिसला नाही. तेव्हा तड्याचा कोनच साक्षीदार मानून उलटा हिशेब केला.

पिळाच्या जोडीला अक्षाच्या दिशेने ओढणारे प्रतिबल σ असेल तर सर्वाधिक ताणाची दिशा अक्षाकडे कलते आणि तड्याचा आडव्या छेदाशी असलेला कोन φ कमी होतो:

```
tan 2φ = 2τ / σ
```

φ = ३८ अंश ठेवल्यास σ हे τ च्या निम्मे येते. एवढे जास्तीचे प्रतिबल असेल तर सर्वाधिक ताण τ च्या १.२८ पट होतो, म्हणजे तुटीचा टॉर्क ४७ ऐवजी ३७ च्या आसपास यायला हवा. नेमका तेवढाच आला होता. कोन आणि टॉर्क या दोन स्वतंत्र मोजण्या एकच गोष्ट सांगत असल्याने ओतकामातील दोषाची शंका मागे पडली आणि यंत्राकडे लक्ष वळले.

अक्षाच्या दिशेचे हे प्रतिबल सळई वाकल्याने येऊ शकते. दोन्ही चकांचे अक्ष एका रेषेत नसतील तर घट्ट धरलेली सळई इंग्रजी एस अक्षरासारखी वाकते. १०० मिमी लांबीच्या, १० मिमी व्यासाच्या बिडाच्या सळईत ९४ मेगापास्कलचे वाकण-प्रतिबल निर्माण होण्यासाठी चकांच्या अक्षांत फक्त ०.३ मिमी अंतर पुरते. डायल गेज फिरवून तपासले तेव्हा काट्याचा झोका ०.६ मिमी भरला, आणि झोका अंतराच्या दुप्पट असतो. स्थिर चकाखाली पत्रीच्या पट्ट्या घालून तो जुळवल्यानंतरचे नमुने पुन्हा ४५ अंशांवर तुटू लागले. पोलादाच्या नमुन्यांनी हा दोष कधीच उघड केला नसता, कारण पोलाद किंचित शरण जाऊन वाकण पचवून टाकते. ठिसूळ नमुन्याचा तडा यंत्राची सरळता तपासण्याचे चांगले साधन आहे, असे माझे मत या नोंदीमुळे पक्के झाले.

१८ फेब्रुवारी २०२५

गटातील एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, कर्तन प्रतिबल आडव्या आणि उभ्या प्रतलावर सारखेच असेल, तर पोलाद उभे का चिरत नाही?" हा प्रश्न बहुतेक ठिकाणी विचारलाच जात नाही, आणि तो योग्य आहे. लाकडाची किंवा बांबूची गोल काठी पिळली तर ती खरोखरच उभी चिरते, कारण तंतूंना समांतर दिशेने तिची कर्तन सोसण्याची ताकद फार कमी असते. रोलिंग केलेल्या पोलादातही सल्फाइडचे कण लांबट होऊन अक्षाच्या दिशेने पसरलेले असतात, म्हणजे त्याचीही उभी बाजू थोडी दुबळीच असते.

उत्तर मोठ्या विकृतीत आहे. सुरुवातीला दोन्ही प्रतले बरोबरीची असतात, पण पोलाद तुटण्याआधी साडेपाच फेरे पिळले जाते. या काळात आडवा छेद आडवाच राहतो. तो अक्षाभोवती फिरतो, परंतु कलत नाही. उभे प्रतल मात्र ओढलेल्या रेघेबरोबर वळत जाते आणि अखेरीस अक्षाशी ६० अंशांवर झुकते. पदार्थाचे जे थर आरंभी उभे होते, ते आता सर्वाधिक कर्तनाच्या प्रतलात उरलेलेच नसतात. लांबट झालेले कणही त्यांच्याबरोबर वळून आडव्या दिशेकडे कलतात. आडवे थर तेवढे पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याच प्रतलात, त्याच दिशेने घसरत राहतात आणि नुकसान त्यांच्यातच साठत जाते. त्यातल्या एखाद्या थरात घसरण एकवटली की सळईचे दोन भाग एकमेकांवर नुसते फिरून मोकळे होऊ शकतात. उभ्या चिरेला मात्र पूर्ण लांबीभर जावे लागते आणि तरीही दोन टोके सुटी होत नाहीत. लाकूड फार थोड्या पिळातच मर्यादा गाठते, म्हणून त्याच्या थरांना वळायला अवधी मिळत नाही.

याच विचाराने बिडाच्या तुटीचा आतला भागही पुन्हा पाहिला. पृष्ठभागावर तडा ४५ अंशांचा असला तरी आत तसा राहू शकत नाही. मळसूत्राची चढण सर्व त्रिज्यांवर एकच, ३१.४ मिमी असते आणि परिघ मात्र आत जाताना घटतो. अर्ध्या त्रिज्येवर त्यामुळे तडा आडव्या छेदाशी सुमारे ६३ अंश करतो, आणि अक्षापाशी तो पूर्ण उभा, अक्षालाच समांतर होतो. ताणाची दिशा मात्र प्रत्येक त्रिज्येवर ४५ अंशांचीच होती. म्हणून आतल्या भागात तडा ताणाला तंतोतंत लंब नसतो. आमच्या तुकड्यांवर मध्याच्या जवळ गुळगुळीतपणा संपून बारीक पायऱ्या दिसतात, त्या या ओढाताणीच्या खुणा असाव्यात असे वाटते. तडा एकदा उघडला की आतील प्रतिबलांची मूळ मांडणी बदलते, त्यामुळे आतल्या आकारावरून मोजमाप काढण्याचा मोह टाळला पाहिजे. हिशेबासाठी पृष्ठभागावरचा कोनच घ्यावा.

२५ फेब्रुवारी २०२५

बीड म्हणजे मळसूत्री तूट आणि पोलाद म्हणजे सपाट तूट, अशी विभागणी मनात पक्की होऊ नये, म्हणून ईएन ३१ या बेअरिंगच्या पोलादाचे ६ मिमी व्यासाचे नमुने केले. या पोलादात सुमारे एक टक्का कार्बन असतो. एक नमुना लालभडक तापवून तेलात विझवला आणि पुन्हा तापवलाच नाही. दुसरा विझवल्यानंतर ६०० अंश सेल्सिअसला पुन्हा तापवून सावकाश थंड होऊ दिला.

पहिला नमुना थोड्याशा कोनातच फुटला. त्याचे अनेक तुकडे झाले आणि मोठ्या तुकड्यांच्या कडा ४५ अंशांच्या मळसूत्रावर आहेत. विझवल्याने घसरणीला होणारा विरोध इतका वाढला की ताणाने उकलण्याची मर्यादा त्याच्या आधी आली. दुसरा नमुना एक पूर्ण फेरा ओलांडून पिळला गेला आणि आडवा, सपाट तुटला. रासायनिक घटक तेच असताना केवळ उष्णतेच्या संस्कारांनी दोन मर्यादांचा क्रम उलटला. या दोन टोकांच्या मधल्या तापमानांवर तयार केलेले नमुने पुढच्या आठवड्यात पिळायचे आहेत. त्यांपैकी एखाद्यात तुटीची कड सपाट आणि मधला भाग तिरकस असा मिश्र आकार येतो का, हे पाहायचे आहे, आणि त्यासाठी चक पुन्हा डायल गेजने तपासून ठेवले आहेत.